वृत्तचितीचा सराव संच काढताना

शिकवणी घ्यायला लागलो त्या वर्षी वृत्तचितीवर वीस उदाहरणांचा संच काढला. सोप्यापासून कठीणपर्यंत जायचं म्हणून आकडे वाढवत नेले. पहिल्यात त्रिज्या 7, शेवटी 13.3. मुलं अडली ती गुणाकारात, आणि वृत्तचिती कुणाला कळली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता सुरुवातीच्या सगळ्या उदाहरणांत त्रिज्या 7 आणि उंची 10 सेमी हेच आकडे ठेवतो. (π म्हणजे 22/7.) घनफळ 1540 घसेमी, वक्रपृष्ठफळ 440 चौसेमी. दुसऱ्या उदाहरणात त्रिज्येऐवजी 'व्यास 14' एवढंच बदलतो. कुणाचं घनफळ 6160 आलं, की वही न उघडता समजतं: व्यासच त्रिज्या म्हणून घातलाय, म्हणून उत्तर चौपट. तिसऱ्यात तेच भांडं, पण वरून उघडं, बाहेरून तळासकट रंगवायचं. बरोबर उत्तर 594. 748 आलं तर झाकणही रंगवलं, 440 आलं तर तळ राहिला. आकडे असे निवडावेत की प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं पडेल. तपासायला बसल्यावर याची किंमत कळते.

मधल्या टप्प्याला माझं आवडतं उदाहरण एकच. 44 × 22 सेमीचा कागद दोन्ही बाजूंनी गुंडाळा. 44 परिघ धरला तर त्रिज्या 7, उंची 22, घनफळ 3388. 22 परिघ धरला तर त्रिज्या 3.5, उंची 44, घनफळ 1694. कागद तोच, वक्रपृष्ठफळ दोन्ही वेळा 968, आणि घनफळ बरोबर निम्मं! आकडेमोडीआधी वर्गाला अंदाज विचारतो. बहुतेक जण 'सारखंच' म्हणतात. त्रिज्येचा वर्ग होतो, उंचीचा होत नाही, हे सूत्रात रोज दिसत असूनही इथेच पहिल्यांदा डोक्यात शिरतं.

शेवटचं उदाहरण: 6 सेमी त्रिज्येच्या उंच भांड्यात पाणी आहे. त्यात 3 सेमी त्रिज्येचा लोखंडी गोळा सोडला. पाणी किती चढेल? गोळ्याचं घनफळ 36π, भांड्याचा तळ 36π, म्हणून 1 सेमी. π इथे उडतो. तरीही 22/7 घालून पानभर गुणाकार करणारे असतातच. खरं आव्हान पुढच्या ओळीत आहे: हे उत्तर बरोबर ठरायला आधी किमान किती पाणी हवं? गोळा 6 सेमी उंच, पाणी 1 सेमी चढणार, म्हणजे आधी निदान 5 सेमी हवं. त्याहून कमी असेल तर गोळ्याचा माथा कोरडा राहतो आणि पूर्ण 36π पाणी सरकतच नाही. तेव्हा पाणी नेमकं किती चढेल, ते मात्र विचारू नका. त्याला गोलखंडाचं सूत्र आणि घन समीकरण लागतं. मी एकदा विचारलं होतं आणि फळ्यापाशी स्वतःच अडकलो.