बालवाडी-प्राथमिकच्या शिक्षिकांनो, बायोडेटात या चुका टाळा

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या जागांसाठी बायोडेटांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. निम्म्यांत एकच ओळ असते: ‘पूर्व प्राथमिकचा ४ वर्षांचा अनुभव’. कोणत्या वयाची मुलं, किती, मदतीला मावशी होत्या की नाही, याचा पत्ता नसतो.

अशाच एका ओळीवर विसंबून मी एका ताईंना नर्सरी दिली होती. चारही वर्षं त्यांनी मोठा शिशू सांभाळला होता, हे नंतर कळलं. साडेपाच वर्षांचं मूल सांगितल्यावर वही काढतं. तीन वर्षांचं मूल आई फाटकाबाहेर गेली की दारातच बसकण मारतं, चड्डी ओली करतं, आणि ‘चप्पल काढ, डबा ठेव, जागेवर बस’ म्हटलं तर नुसतं बघत राहतं. ताई फळ्यापाशी उभ्या राहून ‘गप्प बसा’ म्हणायच्या; एकाचं रडू ऐकून बाकीची रडायची. दहाव्या दिवशी वर्ग बदलला. मोठ्या शिशूत त्याच ताई छान रमल्या. म्हणून प्रत्येक वर्ष वेगळं लिहा: ‘जून २०२२ ते एप्रिल २०२३, नर्सरी, वय ३ ते ४, मुलं २२, सोबत एक मावशी’. एवढ्यावरून मला तुमचा दिवस दिसतो.

‘वर्ग नियंत्रण उत्तम’ ही ओळ मी वाचतच नाही. नेटवरून नमुना उतरवायची घाई झालेल्या नवख्या मुलींच्या बायोडेटात ती हमखास असते. त्याऐवजी एक प्रसंग लिहा. एका उमेदवार बाईंनी लिहिलं होतं, की डब्याच्या सुट्टीनंतर त्यांचा पहिलीचा वर्ग बसायला वीस मिनिटं जायची. त्यांनी पाच-पाच मुलांना हात धुवायला पाठवायला सुरुवात केली आणि आत आलेल्यांना टाळ्यांच्या गाण्यात गुंतवलं. महिन्याभरात वेळ आठ मिनिटांवर आला. मी विचारलं, पहिल्या दिवशी काय बिघडलं? त्या लगेच म्हणाल्या, “नळापाशी मुलं पाण्यातच खेळत बसली, म्हणून तिथे एक मॉनिटर उभा केला.” केलेल्या माणसालाच हे सांगता येतं.

प्रशिक्षणाच्या रकान्यात टीईटी लिहू नका. ती पात्रता परीक्षा आहे, आणि पहिली ते पाचवीसाठी पेपर १ लागतो, तेव्हा पेपरचा क्रमांकही हवा. दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि दोन तासांचा ऑनलाइन वेबिनार एका रांगेत मांडले, तर मला दोन्हींबद्दल शंका येते. बालविकासाचा कोर्स केला असेल तर कालावधी लिहा, आणि प्रत्यक्ष वर्गात किती दिवस, कोणत्या वयाच्या मुलांचं निरीक्षण केलंत तेही.

छंद, वैवाहिक स्थिती, रंगीत चौकटी काढून टाका.

मी स्वतः निरीक्षणाची जुनी वही जपून ठेवते. मुलाचं नाव झाकून त्यातलं एक पान मुलाखतीला घेऊन या. मी ते आधी मागते, प्रमाणपत्रं नंतर.