साडेसात म्हणजे नक्की किती?

रक्तातल्या साखरेच्या लॅब रिपोर्टवरचा ७.५ आणि ग्लुकोमीटरवरचा ७.५ एकच समजण्याची चूक फार सहज होते. आधी एकक पाहा. मीटरवर मिलिमोल प्रति लिटर असेल तर आकड्याला १८ ने गुणा: ७.५ × १८ = १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. उलट जायचं तर १८ ने भागा. (ग्लुकोजचा रेणुभार साधारण १८०, त्यातून हा १८ येतो. म्हणून कोलेस्टेरॉलला तो चालत नाही.)

रिपोर्टवर एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ७.५ टक्के असेल तर मात्र हिशेब वेगळा आहे: २८.७ × ७.५ − ४६.७ = सुमारे १६९ मिलिग्रॅम, म्हणजेच ९.४ मिलिमोल. ही गेल्या दोन-तीन महिन्यांची अंदाजे सरासरी झाली.

मीटरची सरासरी १३५ आणि ही १६९, असं दिसलं तर लगेच लॅबला दोष देऊ नका. बहुतेक वेळा मोजणी फक्त सकाळी उपाशीपोटी झालेली असते आणि जेवणानंतरची वाढ नोंदलीच जात नाही. काही दिवस जेवणानंतर दोन तासांनीही मोजून पाहा. तरीही तफावत राहिली तर डॉक्टरांना सांगाच, कारण रक्तक्षय, नुकतंच चढवलेलं रक्त किंवा सिकलसेलसारखा हिमोग्लोबिनचा दोष असेल तर एचबीएवनसीच फसवा येतो.