इंटरव्ह्यू पॅनेलसाठी सहकाऱ्यांना कसे विचारावे

"गुरुवारी पॅनेलवर बसाल का? तासाभराचं काम आहे," असा मेसेज टीमच्या ग्रुपवर टाकला की दोन गोष्टी होतात. दुसरं कोणी तरी हो म्हणेल असं सगळ्यांना वाटतं, म्हणून उत्तर येत नाही. आणि जो हो म्हणतो त्याला नंतर कळतं, की काम तासाभराचं नव्हतं.

ऐरोलीतल्या एका टीमला बॅकएंड डेव्हलपर हवा आहे असं धरू. टेक्निकल राउंडला दोन उमेदवार आहेत आणि टीम लीडला शेजारच्या टीममधला एक जण पॅनेलवर हवा आहे.

पहिलं काम वेळेचा हिशोब. प्रश्न आणि गुणांकनाचा तक्ता समजून घ्यायला एकदाच ३० मिनिटं लागतात. प्रत्येक रेझ्युमे नीट वाचायला २० मिनिटं, प्रत्यक्ष मुलाखतीला ६० आणि फीडबॅक लिहायला १५. दोन उमेदवारांचे मिळून ३ तास ४० मिनिटं होतात. मेसेजमध्ये हाच आकडा लिहा. फक्त "दोन तास" सांगितलं तर तयारीचा वेळ कॅलेंडरवर येतच नाही, आणि पॅनेलवरचा माणूस उमेदवारासमोर बसून पहिल्यांदा रेझ्युमे उघडतो. "तुमच्याबद्दल थोडं सांगा" यावर दहा मिनिटं गेली, की बहुधा हेच झालेलं असतं. म्हणून तयारीसाठीही कॅलेंडरवर वेगळा ब्लॉक टाका, शक्यतो आदल्या दिवशी.

दुसरं, लेव्हल. इथे सर्वात जास्त घोळ होतो. "सीनियर डेव्हलपर" एवढंच लिहिलं तर एक जण त्यातून दहा वर्षांचा आर्किटेक्ट समजतो, दुसरा चार वर्षांचा चांगला कोडर. मग एकाच उमेदवाराला एक "उत्तम" म्हणतो, दुसरा "नको". अशी टोकाची मतं आली, तर उमेदवाराकडे बोट दाखवण्याआधी आपला मेसेज पुन्हा वाचा. वर्षांसोबत तीन गोष्टी लिहा: तो एकट्याने काय करू शकला पाहिजे, कशात मदत लागली तरी चालेल आणि काय विचारायचंच नाही. हे तिसरं लोक विसरतात. तसंच प्रत्येकाचा विषय वाटून द्या, नाहीतर दोघंही डेटाबेस इंडेक्सवरच अडकतात.

तिसरं, स्लॉट. "या आठवड्यात कधीही" असं लिहू नका. दोन ठाम वेळा द्या आणि एक राखीव. स्टँडअप, जेवणाची वेळ आणि रिलीजचा दिवस टाळा. उमेदवार प्रत्यक्ष येणार असेल तर सकाळी दहाचा स्लॉट नको. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्याला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडावी लागते, आणि त्या वेळची गर्दी सगळ्यांना माहीत आहे. साडेअकरा बरं.

सहकारी दुसऱ्या टीमचा असेल तर आधी त्याच्या लीडला विचारा, मग त्याला. ग्रुपवर नको, थेट त्यालाच लिहा:

> नमस्कार, बॅकएंड डेव्हलपरच्या टेक्निकल राउंडसाठी पॅनेलवर तुमची मदत हवी आहे. तुमच्या लीडशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही.
> स्लॉट: पुढच्या आठवड्यात मंगळवार आणि गुरुवार, सकाळी ११.३० ते १२.३०. राखीव: शुक्रवार, दुपारी ३ ते ४.
> लेव्हल: ५ ते ७ वर्षं. एक मॉड्यूल स्वतः डिझाइन करून प्रॉडक्शनला नेता आलं पाहिजे. क्लाउडमध्ये मदत लागली तरी चालेल. संपूर्ण सिस्टिमचं आर्किटेक्चर विचारायचं नाही.
> तुमचा विषय: एपीआय डिझाइन आणि डीबगिंग. डेटाबेस आणि कोडिंग मी घेतो.
> एकूण वेळ: तयारी आणि फीडबॅक धरून ३ तास ४० मिनिटं. रेझ्युमे आणि तक्ता या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो.
> उमेदवार ओळखीचे निघाले तर लगेच कळवा. जमेल की नाही हे या गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, मी दुसऱ्यांना विचारेन.

शेवटची ओळ काढू नका. संकोचाने हो म्हणणारा माणूस मुलाखतीच्या सकाळी "प्रॉडक्शनला इश्यू आलाय" म्हणतो, आणि तेव्हा पर्याय शोधायला वेळ उरत नाही. म्हणून विचारणा मुलाखतीच्या किमान चार कामाच्या दिवसांआधी करा.

होकार आला की त्याच दिवशी इन्व्हाइट पाठवा: तयारी, मुलाखत आणि लगेच नंतरची फीडबॅकची १५ मिनिटं, सगळं स्वतंत्र. फीडबॅक त्याच दिवशी, दुसऱ्याचं मत ऐकण्याआधी लिहायला सांगा. आधी गप्पा झाल्या की ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत दोन्ही फॉर्मवर उतरतं.

उमेदवाराने वेळ बदलून मागितली तर आधी राखीव स्लॉट वापरा. तोही गेला तर पॅनेलला पुन्हा विचारा, जुना होकार गृहीत धरू नका. आणि मुलाखत रद्द झाली तर तयारीचा ब्लॉकही त्याच क्षणी काढा.