बेसन कडवट लागतंय? पातोडी थापण्याआधी एवढं बघा

आखाजीला दळून आणलेलं बेसन आषाढात पातोडीसाठी काढलं आणि वास वेगळाच आला, तर लगेच फेकू नका. लगेच रश्श्यातही घालू नका. कच्चं बेसन ताजं असतानाही जिभेला थोडं कडवट, हिरवट लागतं, त्यामुळे कच्चं चाखून काही कळत नाही.

आधी डबा उजेडात धरा. हिरवे-काळे ठिपके, जाळी किंवा ओलसर गुठळ्या दिसल्या तर चाखायचंही नाही. आंबूस-कुबट वास बहुतेकदा ओलीचा असतो. गिरणीतून आलेलं गरम पीठ तसंच डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि पीठ आंबतं, पुढे बुरशी येते. असं पीठ गुरांनाही घालू नका. बुरशीचं विष भाजून जात नाही.

दिसायला स्वच्छ असेल तर एक चमचा पीठ वाटीत घ्या, दोन चमचे कढत पाणी घाला, झाकून मिनिटभराने हुंगा. नुसतं जुनं झालेलं पीठ फिकं, धुळकट वास देतं. खवट झालेल्याला तेलाच्या जुन्या बुधलीसारखा वास येतो आणि तो गरम पाण्याने उलट वर येतो.

तरीही शंका राहिली तर दुसरा चमचाभर पीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर खमंग होईपर्यंत भाजा आणि गार करून चिमूटभर चाखा. हिरवट कडूपणा गेला तर बेसन चांगलं आहे, पातोडी थापा. घशाशी कडू रेंगाळलं तर ते खवट. एका घासाने सहसा काही होत नाही, पण ते रोजच्या खाण्यात ठेवू नये. खान्देशी काळा मसाला कितीही घाला, चव लपत नाही.

गव्हाच्या पिठाला हीच परीक्षा, फक्त शेवटी तव्यावर छोटी पोळी लाटून बघा. गिरणीच्या पिठात अंकुराचं तेल आणि कोंडा दोन्ही असतात, म्हणून ते मैद्याआधी खवट होतं. मात्र पीठ आणल्या दिवसापासूनच कडू असेल तर आधी गव्हात राहिलेला कडुनिंबाचा पाला आठवा, किंवा आपल्या आधी गिरणीत काय दळलं ते विचारा. तांबूस बारीक किडे फार झाले तरी पिठाला उग्र वास आणि गुलाबी छटा येते. ते चाळून सुधारत नाही.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि तेल खवट करायला ऊन पुरेसं असतं. म्हणून उन्हाळ्यात पंधरा दिवसांचंच दळा. आणलेलं पीठ परातीत पसरून पूर्ण गार करा. जुन्या पिठावर नवं ओतू नका, डबा धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. बेसन जास्त असेल तर घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, आणि काढल्यावर बाहेरच्या हवेइतकं कोमट झाल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर गार पिठावर दव धरतं.