पेन्शनसाठी वारसांचं प्रतिज्ञापत्र: कुणाकुणाची नावं लिहायची?

पेन्शनधारक गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतन पत्नीला मिळतं आणि त्यात मुलांचा वाटा नसतो. मग सगळ्या वारसांची नावं कशाला, असं बायका विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन आणि मागचा फरक या रकमा मात्र मयताच्या हक्काच्या असतात. नॉमिनेशन नसेल तर त्या कुणाला द्यायच्या, हे कार्यालयाला ठरवावं लागतं. उद्या एखादी लेक येऊन ‘माझं नाव का नाही?’ म्हणाली तर उत्तर देणारा कागद म्हणजे हे प्रतिज्ञापत्र.

म्हणून टाइप करायला बसण्याआधी घरी कोऱ्या कागदावर वंशावळ काढा. करवीर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकाचं घर उदाहरणादाखल घेऊ. त्यांच्या पत्नीला शांताबाई म्हणू. शांताबाई पहिल्यांदा दोनच नावं सांगतात: स्वतःचं आणि थोरल्या मुलाचं. “लेक इचलकरंजीला दिली, ती आता त्यांच्या घरची.” इथंच चूक होते. लग्न झालं तरी मुलगी वारसच. तिचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा, कारण तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक असतं आणि आधारवर दुसरं.

पुढचा प्रश्न विचारायचा तो सासूबाईंचा. कागलला धाकट्या दिराकडं राहणारी मयताची आई हयात असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे तीही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच नाव. वडील मात्र या वर्गात येत नाहीत. शांताबाईंचा धाकटा मुलगा आधीच वारला; त्याची बायको आणि सात वर्षांचा मुलगा आहे. दोघंही वारस. मुलगा अज्ञान असल्यानं त्याची जन्मतारीख आणि पालक म्हणून आईचं नाव हवं. मोजून बघा: दोनाच्या जागी सहा नावं झाली.

मयताचं दुसरं लग्न झालेलं असेल तर ते लपवू नका. पहिली पत्नी हयात असताना केलेलं लग्न कायद्यानं रद्दबातल ठरतं, पण त्यातली मुलं वडिलांची वारस असतात. मुस्लिम कुटुंबात वारसांचे नियम वेगळे आहेत, तिथं आईबरोबर वडीलही वारस असतात, म्हणून वकिलाकडून यादी तपासून घ्या.

आता मजकूर. सुरुवातीला स्वतःचं नाव, वय, पत्ता. मग पतीचं नाव, पेन्शन आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक आणि मृत्यूची तारीख. खाली वारसांचा तक्ता: नाव, मयताशी नातं, वय, विवाहित की अविवाहित, पत्ता. तक्त्याखालचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं:

“वरील व्यक्तींशिवाय माझे पती कै. … यांना दुसरा कोणीही कायदेशीर वारस नाही. ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. खोटी आढळल्यास मी कायद्यानुसार शिक्षेस पात्र राहीन.”

हे वाक्य शपथेवर आहे, म्हणून एक नाव गाळलं तरी वाक्यच खोटं ठरतं.

स्पेलिंग जुळवणं कंटाळवाणं आहे, पण कागद परत येतात ते बहुधा त्यामुळंच. पीपीओवर ‘शांता’, आधारवर ‘शांताबाई’ असेल तर “दोन्ही नावं माझीच आहेत” असा परिच्छेद याच कागदात घाला.

स्टॅम्प पेपर लगेच विकत घेऊ नका. साधा कागद चालेल की मुद्रांक हवा, हे आधी कोषागारात किंवा तुमच्या पेन्शन शाखेत विचारा. सही घरी करून आणू नका. ती नोटरीसमोर किंवा तहसीलदारासमोरच करायची. आधार, मृत्यूचा दाखला आणि पीपीओ मूळ प्रतीसह न्या. अंगठा करणाऱ्या बाईंना मजकूर मराठीत वाचून दाखवला आणि समजला, अशी नोंद खाली हवी. घाईत ती राहते, म्हणून उठण्याआधी प्रत्येक पानावर सही, तारीख आणि शिक्का आहे का, ते पाहा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे प्रतिज्ञापत्र म्हणजे वारस दाखला नव्हे. वारसांत वाद असेल किंवा कार्यालयानं मागितला, तर तो दिवाणी न्यायालयातून घ्यावा लागतो. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीसाठी असते, ती इथं चालत नाही.

कागद देण्यापूर्वी दोन झेरॉक्स काढा आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. फाईल पुढं सरकली नाही, तर विचारताना हाच क्रमांक सांगायचा आहे.