स्थळांचं ॲप निवडताना या चुका टाळा

भाचीसाठी स्थळं बघायची ठरलं आणि ताईनं पहिल्याच संध्याकाळी एका ॲपचे सहा महिन्यांचे पैसे भरून टाकले. फोटो कोणाकोणाला दिसणार, हे बघायचं राहूनच गेलं. आधी फुकटचं खातं उघडा. आपण होकार दिलेल्यांनाच फोटो दिसेल अशी सोय आहे का, नंबर झाकता येतो का, ब्लॉक आणि तक्रार प्रोफाइलवरूनच करता येते का, एवढं तपासा. हे नसेल तर तिथे कितीही स्थळं असोत, मी मुलीचा फोटो टाकणार नाही.

नावापुढच्या ‘व्हेरिफाइड’ खुणेवर विसंबू नका. बऱ्याचदा तिचा अर्थ ओटीपी टाकून मोबाइल नंबर पडताळला, इतकाच असतो. ओळखपत्र तपासलेलं असलं तरी नोकरी, पगार, आधीचं लग्न याबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. ती चौकशी आपल्यालाच करावी लागते. घटस्फोट झालाय म्हणत असतील तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा. त्यात संकोच कसला?

भाचीला लंडनच्या एका इंजिनिअरची रिक्वेस्ट आली. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, “मी इथे फारसा नसतो, व्हॉट्सॲपवर बोलू.” घाई दिसली तेव्हाच मी त्याचा फोटो गूगल लेन्सवर टाकला. तोच चेहरा, पण नाव भलतंच! (लेन्सवर काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा, असं मात्र नाही. खाजगी खात्यातून उचललेला फोटो तिथे सापडत नाही.) व्हिडिओ कॉल करू म्हटलं, तर रोज कॅमेरा बिघडलेला. आईवडिलांशी बोलायचं म्हटलं, तर ते कायम प्रवासात. आठवड्याभरात “तुझ्यासाठी पार्सल पाठवतोय” असा मेसेज आला आणि आम्ही त्याला ब्लॉक केलं.

या फसवणुकीत पुढे विमानतळावरून ‘कस्टम्स’चा फोन येतो. पार्सलमध्ये दागिने, परकीय चलन सापडलंय, ड्युटी भरा. ती भरली की दंड, मग आणखी काहीतरी. खातं मात्र कुणा खाजगी माणसाचं असतं. सरकारी ड्युटी अशा खात्यात कधीच भरली जात नाही.

आणखी एक चूक आपल्याकडे घरोघरी होते. जन्मवेळ, पत्ता, वडिलांचं ऑफिस, मामांचे नंबर असा अख्खा बायोडाटा पहिल्याच मेसेजला पाठवला जातो. पहिल्यांदा शिक्षण, नोकरी, गाव एवढीच प्रत द्या. नंबर आईचा किंवा वडिलांचा द्या, मुलीचा नको. बाकीचं दोन्ही घरं व्हिडिओ कॉलवर बोलल्यानंतर.

पैसे गेलेच असतील तर लाजेनं गप्प बसू नका. चॅट पुसू नका, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा आणि लगेच १९३० ला फोन लावा. बँकेलाही त्याच वेळी कळवा. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात ती रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.