हायफन कुठे द्यायचा, कुठे नाही: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

'अ वेल-नोन ऑथर' लिहिताना मधे हायफन येतो आणि 'द ऑथर इज वेल नोन' लिहिताना तो गायब होतो. शब्द तेच, अर्थ तोच. मराठीत 'सुप्रसिद्ध लेखक' म्हणा नाहीतर 'लेखक सुप्रसिद्ध आहे' म्हणा, विशेषणाच्या लिहिण्यात काहीच बदलत नाही. त्यामुळे आपण हायफनला स्पेलिंगचाच भाग समजतो आणि एकदा 'वेल-नोन' डोळ्यात बसलं की जिथे तिथे तसंच लिहितो. नाहीतर मग कुठेच देत नाही.

हा हायफन शब्दाचा नसतो, जागेचा असतो. वाचणारा एकेक शब्द घेत पुढे जातो. नाम अजून आलेलं नसतं, तेव्हा समोरच्या दोन शब्दांची जोडी आहे की ते सुटे आहेत, हे त्याला कळायला मार्ग नसतो. समजा सिक्युरिटी एजन्सीने कामगारांसाठी लावलेल्या नोटिशीत 'ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स' असं लिहिलंय. 'ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे चार-चार तासांच्या वीस पाळ्या, एकूण 80 तास. 'ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे सलग चोवीस तासांची पाळी, आणि अशा पाळ्या किती हे सांगितलेलंच नाही. 'शिफ्ट्स' हा शब्द शेवटी येतो, तोवर वाचणाऱ्याने मनात एक अर्थ पक्का केलेला असतो. तेच 'द शिफ्ट्स आर फोर अवर्स लाँग' असं लिहिलं की नाम आधीच येऊन गेलेलं असतं. घोटाळ्याला जागा नाही, म्हणून हायफनही नाही.

शंका आली तर पहिला शब्द एकटाच नामाला लावून बघा. 'अ वेल ऑथर' म्हणजे तब्येतीने ठणठणीत लेखक. तुम्हाला ते म्हणायचं नाही, म्हणजे जोडी आहे, नामाच्या आधी हायफन हवा. उलट 'अ बिग रेड बॅग' मधे बॅग मोठीही आहे आणि लालही. दोन्ही शब्द आपापल्या परीने बॅगेला लागतात, हायफन नको. पण प्रत्येक जोडीला हायफन लावत सुटू नका. 'हायस्कूल टीचर', 'रिअल इस्टेट एजंट', 'इन्कम टॅक्स ऑफिसर' ही मुळात रुळलेली नामं आहेत. ती वाचताना कोणी अडखळत नाही आणि तिथे हायफन सहसा देत नाहीत.

वर्षं, रुपये, किलोमीटर

आपल्याकडच्या बायोडेटांमधे सगळ्यात जास्त दिसणारी गडबड आकड्यांशी निगडित आहे. संख्या आणि एकक मिळून नामाच्या आधी विशेषण झालं की एकक एकवचनी होतं: 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', 'अ टेन-रुपी नोट', 'अ थ्री-किलोमीटर वॉक'. क्रियापदानंतर गेलं की अनेकवचन परत येतं आणि हायफन जातात: 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड'. मराठीत 'पाच वर्षांचा मुलगा' यात अनेकवचन हवंच असतं, म्हणून 'फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय' हातून सहज लिहिलं जातं. खूण सोपी आहे: हायफन आणि एककाचा अनेकवचनी 'एस' एकत्र दिसले की काहीतरी चुकलंय. अनुभवाचं मात्र वेगळं आहे. तिथे 'टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स' लिहावं, किंवा 'इयर्स' नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन 'टेन इयर्स' एक्स्पीरियन्स'. दोन्हींत हायफन नाही.

फ्लॅटच्या जाहिरातीत 'टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स' असं लिहिताना 'टू' नंतरचा हायफन लटकता राहतो, आणि तो तसाच राहू द्यायचा. 'बेडरूम' दोन्हींना लागू आहे, एवढंच तो सांगतो.

'ली' वाली क्रियाविशेषणं

'हायली-स्किल्ड', 'न्यूली-बिल्ट', 'फुली-फर्निश्ड' हे तिन्ही चूक. शेवटी 'ली' असलेलं क्रियाविशेषण पुढच्याच शब्दाकडे बोट दाखवतं. 'हायली इंजिनिअर' असं कुणी वाचूच शकत नाही, मग बांधून ठेवायची गरज काय? 'वेल' ला अशी शेपूट नाही म्हणून त्याला हायफन लागतो. मात्र 'ली' ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. 'फॅमिली-ओन्ड बिझनेस', 'फ्रेंडली-लुकिंग डॉग' इथे हायफन बरोबर आहे, कारण 'फॅमिली' नाम आहे आणि 'फ्रेंडली' विशेषण. आणि 'वेल' च्याही आधी 'व्हेरी' आलं तर बरेच संपादक हायफन काढतात: 'अ व्हेरी वेल नोन ऑथर'.

आता हे एकाच वाक्यावर लावून बघू. बायोडेटातली ओळ अशी: 'अ हायली-स्किल्ड, डिटेल ओरिएंटेड इंजिनिअर विथ टेन-इयर्स एक्स्पीरियन्स इन फूड ग्रेड पॅकेजिंग, ऑल रेकॉर्ड्स आर वेल-डॉक्युमेंटेड अँड अप-टु-डेट.' 'हायली' नंतरचा हायफन काढा. 'डिटेल-ओरिएंटेड' आणि 'फूड-ग्रेड' या जोड्या नामाच्या आधी आहेत, तिथे द्या. 'टेन इयर्स' मधला काढून अपॉस्ट्रॉफी द्या. शेवटची दोन विशेषणं 'आर' नंतर आली आहेत, म्हणजे 'वेल डॉक्युमेंटेड अँड अप टु डेट'. एका ओळीत दोन हायफन वाढले आणि पाच ठिकाणचे निघाले की अर्धी ओळ अंदाजाने लिहिली होती, हे उघड होतं. ('अप-टु-डेट' मधले दोन मोजायला विसरू नका.)

नंतरही राहणारे हायफन

नियम इथे थोडा दगा देतो. 'ओल्ड-फॅशन्ड', 'गुड-लुकिंग', 'टाइम-कन्झ्युमिंग' यांना शब्दकोशांनी हायफनसकट एकच शब्द मानलंय, म्हणून 'द मेथड इज ओल्ड-फॅशन्ड' असंच बरेच जण लिहितात. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या अक्षरात लिहिताना तर जागा कुठलीही असो, 'थर्टी-फाइव्ह' ला हायफन असतोच.

'वेल-नोन' बद्दलही सगळ्यांचं एकमत नाही. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हे संपादकांचं नियमपुस्तक नामानंतर सुटं लिहा म्हणतं. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं स्टाइलबुक, म्हणजे लिखाणाच्या नियमांचं पुस्तक, मात्र 2019 पर्यंत 'इज' नंतरही हायफन ठेवायला सांगत असे. मग त्यांनी तो सल्ला बदलला. त्यामुळे जुन्या बातम्यांत 'ही इज वेल-नोन' दिसलं तर ती चूक नव्हे. ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांचं स्टाइलबुक असेल तर ते पाळा. नसेल तर शिकागोची पद्धत धरा आणि एका लेखात दोन पद्धती मिसळू नका.

तपासणीसाठी वर्डमधे शोध खिडकी उघडून `ly-` टाका. 'ली' नंतरचे सगळे हायफन एकामागून एक समोर येतील. 'फॅमिली' सारखे सोडून बाकीचे काढायचे. दुसऱ्या फेरीत `well-` शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पुढे नाम आहे का एवढंच बघा. जोडी ओळीच्या टोकाला तुटून 'वेल-' वर आणि 'नोन' खाली पडत असेल, तर साध्या हायफनऐवजी `Ctrl+Shift+-` दाबून न तुटणारा हायफन द्या.